गेटपुरती ओळख

*"माझ्या बाजूच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंचे मिस्टर अठरा दिवसांपूर्वी अचानक गेले. त्यांना मी नीटसं ओळखतही नव्हते. चार ओळी लिहून द्याव्यात असं रोज वाटतं, पण जे लिहिते ते खोटं वाटतं म्हणून फाडून टाकते. आता इतक्या दिवसांनी बरं दिसेल का? आणि लिहू तरी काय?"*

लिहा, आणि याच आठवड्यात द्या. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. कोण आलं, कोण गेलं, हेही त्या बाईला नंतर धड आठवत नाही. चौदाव्या दिवशी चुलत सासू गावी जाते, भावाची रजा संपते, आणि संध्याकाळी घरात फक्त पंख्याचा आवाज राहतो. तुमची चिठ्ठी त्या संध्याकाळी पोचेल. पहिल्या दिवशी आलेल्या चिठ्ठ्यांपेक्षा ती जास्त वाचली जाईल.

काय लिहायचं, ते सांगण्यासाठी माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थाची गोष्ट सांगते. त्याच्या परवानगीने सांगते आहे, नावं बदललेली आहेत.

शिरीष मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. वय एकेचाळीस. तिथल्या अकाउंट्समध्ये वैशाली. दोघंही बडोद्याचे मराठी, पण ऑफिसात सगळ्यांसारखे गुजराती बोलणारे, डबा खाताना तेवढे मराठीवर येणारे. वैशालीचा नवरा सुनील एका सोमवारी पहाटे झोपेतच गेला. आदल्या दिवशी दोघं मुलाला घेऊन कमाटी बागेत फिरून आले होते. आजार नाही, दवाखाना नाही, काही नाही. शिरीष बेसण्याला, म्हणजे दुखवट्याच्या बैठकीला, जाऊन आला, हात जोडले, पाच मिनिटं पांढऱ्या चादरीवर बसला आणि एक शब्द न बोलता परतला. बाराव्या दिवशी माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या खिशात दोन कागद होते.

पहिल्या कागदावर होतं: "आपले पती कै. सुनीलजी यांच्या आकस्मिक निधनाचे वृत्त ऐकून तीव्र दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व आपणास हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो."

ही वर्तमानपत्रातल्या चौकटीची भाषा. वाईट नाही, पण रोज जिच्यासमोर बसून आपण भाकरीचा तुकडा मोडतो तिला 'आपणास' म्हटलं की मधे टेबल येतं. शिवाय 'कै.' हे अक्षर. बाराव्या दिवशी बायकोच्या मनात तो अजून सुनीलच असतो. कपाटात त्याचे इस्त्रीचे शर्ट असतात, मोबाइलवर त्याच्या नावाचं रिचार्ज संपल्याचा मेसेज येतो. 'कै.' आणि 'मृतात्मा' हे शब्द बाहेरच्यांना सोपे जातात, तिला नाही. नुसतं नाव लिहावं. नाव मात्र लिहावंच, कारण लोक नेमकं तेच टाळतात. 'जे झालं ते', 'ही घटना', 'ते' असं बोलत राहतात.

पाकिटावरही तो अडला होता. 'सौ.' लिहवेना, 'श्रीमती' लिहिलं तर आपणच शिक्का मारतोय असं वाटलं. आपल्यात जुन्या पाकिटांवर गं. भा., इथल्या गुजराती बेसण्याच्या जाहिरातीत गं. स्व., सगळी उपपदं नवऱ्याच्या असण्या-नसण्याला बांधलेली. मी म्हटलं, तू तिला हाक काय मारतोस? म्हणाला, "वैशालीबेन. सगळेच मारतात." मग तेच लिही. लहानपणी आमच्या घरी दुखवट्याची पत्रं वर 'श्री' न घालता लिहायचे आणि कार्डाचा कोपरा फाडायचे. वाचणाऱ्याला हातात घेतल्याबरोबर कळावं म्हणून. आता कोपरा फाडायची गरज नाही, कारण बातमी तिला आपल्या आधी कळलेली आहे. पण 'स. न. वि. वि.' वगैरेही नको.

दुसरा कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता आणि त्यात खरा शिरीष होता. मला दोन रात्री झोप नाही. निदान त्यांना त्रास तरी झाला नाही. मुलाकडे बघून खंबीर राहा. काही लागलं तर अर्ध्या रात्री हाक मारा. आणि मग, घाईघाईने, बारीक अक्षरात: त्या शनिवारी स्टॉक जुळेना म्हणून मी तुम्हाला सव्वासातपर्यंत थांबवून घेतलं, सुनीलभाई सहापासून गेटवर उभे होते, मला माफ करा.

या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. पहिल्या कागदाची कोरडी भाषा कुठून आली होती, ते इथे कळलं. त्याला सुचत नव्हतं असं नाही. सुचत होतं ते एकच, आणि ते लिहायची भीती होती. मी त्याला विचारलं, हे वाचून वैशालीने काय करावं असं तुला वाटतं? तो गप्प. मग म्हणाला, "म्हणावं की असू दे." म्हणजे चिठ्ठी मिळाल्यावर पहिलं काम तिने करायचं, ते त्याची समजूत घालायचं. आणि दुसरं त्याहून वाईट. अचानक गेलेल्या माणसाच्या घरी 'असं झालं नसतं तर' हे चक्र आधीच चालू असतं. रविवारी दमवलं नसतं तर, रात्री छातीत जळजळतंय म्हणाला तेव्हा सोडा न देता डॉक्टरकडे नेलं असतं तर. त्यात शिरीषने गेटवरचा सव्वा तास आणून टाकायचा? माफी त्याने माझ्याकडे मागावी, चिठ्ठीत नाही. ती कधीतरी तिच्याकडेही मागता येईल, पण विषय तिने काढला तर.

'निदान' हा शब्दही आम्ही काढला. निदान त्रास झाला नाही, निदान मुलगा मोठा आहे, निदान स्वतःचं घर आहे. ज्या वाक्याची सुरुवात 'निदान' ने होते ते दुःखाला सवलत लावतं. 'खंबीर राहा' हेही तसंच: दोन आठवडे तिला प्रत्येक जण तेच सांगतो आहे, आणि रडायला तिला न्हाणीघर उरलं आहे. देवाचं नाव घ्यायला माझी हरकत नाही, तुमच्या दोघींच्या बोलण्यात एरवीही देव येत असेल तर. फक्त 'देवाची इच्छा' म्हणू नका. ती इच्छा तिला पटवून द्यायचं काम आपलं नव्हे.

'काही लागलं तर सांगा' यात खोट काहीच नाही, पण ते वाक्य काम तिच्यावर टाकतं. काय लागतंय, कोणाला सांगू, किती हक्काने सांगू, एवढा विचार करायची ताकद त्या दिवसांत नसते. एकच ओळ तीनतीनदा वाचून डोक्यात शिरत नाही, गॅस बंद केला का ते आठवत नाही. म्हणूनच चिठ्ठी चार-पाच वाक्यांची हवी. जपून लिहिलेलं पानभर पत्र उशीखाली जातं आणि तिथेच राहतं. मी शिरीषला विचारलं, तू काही करून टाकलं आहेस का? तो म्हणाला, तिचं महिनाअखेरचं काम त्याने आणि आणखी एकाने वाटून घेतलं होतं. मग ते लिही, एका वाक्यात.

आता राहिला तुमचाही अडसर: सुनीलला तो ओळखत नव्हता. "गेटपुरतीच ओळख हो. मान हलवायचो, बस." मी म्हटलं, गेटवर काय दिसायचं ते सांग. पाच मिनिटं त्याला काही आठवेना. मग म्हणाला, रोज सहाला स्कूटर घेऊन यायचे. स्कूटरवरून उतरायचे नाहीत. आणि पावसाळ्यात एकदा स्वतः भिजत उभे होते, शर्टाच्या आत काहीतरी धरून. वैशाली आल्यावर आतून रेनकोट काढला, तिचा. कोरडा ठेवला होता.

बायकोला नवऱ्याविषयी सगळं माहीत असतं, पण ती गेटच्या आत असताना बाहेर तो कसा उभा असायचा ते तिला कसं दिसणार? ते फक्त शिरीषकडे होतं. तुमच्याकडेही असं काही असेल. तो माणूस तुम्ही कधी पाहिलाच नसेल, तर तुमच्या मैत्रिणीच्या तोंडून ऐकलेला असेल. डबा उघडताना ती म्हणाली असेल, आज भाजी यांनी चिरली, वाकडीतिकडी आहे. तेवढं पुरतं. आणि काहीच नसेल तर बनवू नका. 'मी त्यांना भेटले नव्हते, पण तुमच्या बोलण्यातून ते रोज ऑफिसात यायचे' हे खरं असेल तर तेच लिहा.

शेवटी चिठ्ठी अशी झाली:

"वैशालीबेन,
सुनीलभाई गेले. फार वाईट वाटलं.
माझी त्यांची ओळख गेटपुरतीच. पण पावसात स्वतः भिजत, तुमचा रेनकोट शर्टाच्या आत कोरडा धरून उभे राहिलेले ते मला लख्ख आठवतात.
महिनाअखेरचं काम आम्ही दोघांनी पूर्ण केलं आहे, त्याचा विचार नको.
उत्तर लिहू नका.
शिरीष"

'उत्तर लिहू नका' यावर तो अडला होता, तुटक वाटतं म्हणाला. मी ते ठेवायला लावलं. आलेल्या प्रत्येक निरोपाला 'धन्यवाद' लिहीत बसणं हे त्या दिवसांतलं एक कंटाळवाणं ओझं असतं. कशाने गेले, कसं झालं, हे त्यात कुठेच नाही, तेही बघा. ते तिने बेसण्याला आलेल्या प्रत्येकाला सांगितलेलं असतं. आणि मृत्यू अपघाताचा किंवा आत्महत्येचा असेल तर तो शब्द आपल्या कागदावर मुळीच नको.

चिठ्ठी वहीच्या कागदावर, हाताने लिहिली. व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालतं, फक्त तिच्या एकटीच्या नंबरवर. ऑफिसच्या ग्रुपमध्ये एकाखाली एक पडलेल्या 'ॐ शांती' च्या रांगेत नको. आणि सगळ्यांच्या सह्यांच्या छापील कार्डात घालून मोकळे होऊ नका.

वैशाली महिन्याने कामावर आली. चिठ्ठीबद्दल काही बोलली नाही. शिरीष अस्वस्थ, मला फोन करून विचारता झाला की चुकलं का. मी म्हटलं, उत्तर लिहू नका असं तूच लिहिलंस ना?

आणखी दोनेक महिन्यांनी, डब्याच्या वेळी बाकीचे उठल्यावर, तिने स्वतःहून विचारलं: त्या शेवटच्या शनिवारी तो गेटवर तुला काही बोलला का? अचानक गेलेल्यांची माणसं असे शेवटचे दिवस वेचत राहतात, तासातासाने. तेव्हा त्याने सांगितलं, की बोलणं झालं नाही, पण माझ्यामुळे सव्वा तास उभे होते, मला ते फार लागून राहिलंय.

ती थोडा वेळ हिशेब करत बसली. "मग समोरच्या लारीवर भजी खाल्ली असणार," ती म्हणाली. "तरीच रात्री जेवला नाही. मी उगाच चिडले होते."