वादविवाद मंडळातल्या मुलांना तर्कदोष कसे शिकवावेत? यादी पाठ होते, पण ऐनवेळी ओळखता येत नाहीत.

यादी पाठ होते हीच तर अडचण आहे. दोषांची नावं घोकलेलं पोरगं समोरच्याचं ऐकतच नाही, त्यातलं एखादं नाव कुठे चिकटवता येईल तेवढंच बघतं.

शाळांत टॅब सक्तीचे करावेत, असा स्पर्धेचा विषय होता. आमची मुलगी म्हणाली, "ज्या अहवालाचा दाखला दिलात तो टॅब विकणाऱ्या कंपनीनेच पैसे देऊन करून घेतलाय. दुसरीकडून पडताळल्याशिवाय हे आकडे धरू नयेत." समोरचा मुलगा ताडकन उठला, "व्यक्तिगत हल्ला! तर्कदोष!" टाळ्या पडल्या, परीक्षकांनी मान डोलावली, आमचे गुण गेले. त्या संघाचे सर चहाला भेटले तर म्हणे, "मॅडम, नावं पाठ हवीत, छाप पडते." मी म्हटलं, सर, अहवाल खोटा आहे असं ती म्हणालीच नव्हती. सर बिस्किट बुडवत राहिले.

तेव्हापासून मी जोडीच्या चिठ्ठ्या करते. पहिलं वाक्य दोन्हींत तेच: "आमचे डॉक्टर ज्या कंपनीच्या खर्चाने फिरून आले, तिचंच औषध लिहून देतात." एकीवर पुढे असतं, "म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना विचारून घेऊ." यात काही चूक नाही. दुसरीवर, "म्हणजे ते औषध बिनकामाचं." इथे घसरलं, कारण डॉक्टरांचा स्वार्थ दिसला की त्यांच्या शब्दावरचा भरवसा कमी होतो, गोळीचा गुण नाही.

निम्म्या चिठ्ठ्या अशा निर्दोषच ठेवा आणि ते मुलांना सांगू नका. जो प्रत्येक चिठ्ठीला दोष देतो तो अंदाजपंचे बोलतोय, हे लगेच कळतं. दोषाचं नाव घ्यायला बंदी. निष्कर्ष कोणता, तो कशावर टेकलाय, मधे काय गृहीत धरलंय, एवढंच सांगायचं. मग चिठ्ठी दुरुस्त करायची. "कॅमेरे बसवले आणि सोसायटीतल्या चोऱ्या थांबल्या, म्हणजे कॅमेऱ्यांमुळेच" हे घ्या. वॉचमनही त्याच सुमारास बदलला असेल तर? शेजारच्या सोसायटीतही तसाच नवा वॉचमन आला, कॅमेरे मात्र नाहीत आणि चोऱ्या चालूच आहेत, एवढी भर घातली की तेच म्हणणं बरंच भक्कम होतं. ही भर मुलांनाच सुचली पाहिजे, तुम्ही तोंडात घालू नका.

सातवी-आठवीच्या मुलांना मात्र आधी नुसत्या सदोष चिठ्ठ्या द्या, नाहीतर गोंधळतात. आणि स्पर्धेत एवढं उलगडायला वेळ नसतो. तिथे "तुमचं पहिलं वाक्य मान्य, पण त्यातून दुसरं निघत नाही" म्हणायचं आणि का निघत नाही ते एका वाक्यात सांगायचं. परीक्षक त्या सरांच्या पठडीतले असतील तर शेवटी दोषाचं नावही जोडा, पण कारण सांगून झाल्यावर.