नवरा कायमची नोकरी सोडून धंदा सुरू करतोय, मला भीती वाटते. साथ कशी देऊ?

प्रश्न : माझे मिस्टर चांगली कायमची नोकरी सोडून स्वतःचा छोटा व्यवसाय सुरू करणार आहेत. मला मनापासून त्यांना साथ द्यायची आहे, पण रात्र रात्र झोप लागत नाही. बोलून दाखवलं तर त्यांना वाटतं माझा विश्वास नाही, आणि गप्प बसले तर आतल्या आत कुढते. काय करू?

उत्तर :

ताई, मी पाच महिने गप्प बसले होते, म्हणून आधी त्याचं काय झालं ते सांगते.

ह्यांनी अंबडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं मेंटेनन्समध्ये काढली आणि मग राजीनामा देऊन लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान टाकलं. मी खासगी शाळेत शिक्षिका, पगार 24 हजार. घराचा हप्ता चालू, मुलगा सहावीत, सासूबाईंना मधुमेह. लोक विचारायचे तेव्हा मी हसून म्हणायचे, "होईल सगळं छान." ह्यांनाही तेच म्हणायचे. वाटायचं, आत्ता आपण डगमगलो तर ह्यांचा धीर सुटेल.

पाचव्या महिन्यात नणंदेकडे जेवायला गेलो होतो. कोणीतरी सहज विचारलं, "धंदा कसा चाललाय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घर एकाच पगारावर चाललंय, तेही माझ्या." ह्यांनी मान खाली घातली आणि पानातला भात तसाच ठेवून हात धुतला. त्या दिवसापासून हे दुकानाची वही घरी आणेनासे झाले. दोन महिन्यांनी कळलं की मधल्या काळात शेंगदाण्यासाठी मित्राकडून 40 हजार हातउसने घेतले होते, आणि मला सांगितलं नव्हतं. मी माझी भीती लपवली, तशी ह्यांनी बातमी लपवली. मला राग 40 हजारांचा नव्हता. आम्ही दोघं एकाच घरात राहून एकमेकांना खोटं बरं दाखवत होतो, त्याने मी हादरले.

म्हणून तुम्हाला सांगते, भीती बोलाच. पण "मला भीती वाटते" एवढंच बोललात तर समोरच्याला त्यावर करण्यासारखं काही उरत नाही, आणि मग तो ते अविश्वास म्हणूनच ऐकतो. तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते त्याचा आकडा काढा आणि तो आकडा त्यांच्यासमोर ठेवा. आम्ही हे उशिरा केलं, तुम्ही राजीनाम्याच्या आधी करा.

पहिला आकडा घराचा. मागच्या बारा महिन्यांचं पासबुक घेऊन बसा, अंदाज नको. आमचा महिन्याचा खर्च हप्त्यासकट 38 हजार निघाला. मग वर्षातून एकदा येणारे खर्च आठवून लिहिले, म्हणजे शाळेची फी, घरपट्टी, दिवाळी, गाडीचं टायर, विम्याचे हप्ते. त्याला बारानं भागलं तर महिन्याला आणखी साडेपाच हजार. एकूण साडेत्रेचाळीस. त्यातून माझा पगार वजा केला की 19,500 रुपयांचा खड्डा. वर्षाचे 2 लाख 34 हजार. इतके दिवस मला रात्री जे वाटत होतं त्याला आकारच नव्हता, आता त्याला एक रक्कम मिळाली. ह्यांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे होते. शेवटचं बेसिक 26 हजार, त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं, म्हणून 1 लाख 65 हजार. आणखी 69 हजार एफडीतून काढले की खड्डा बरोबर एका वर्षापुरता भरत होता. हे पैसे माझ्या नावावरच्या खात्यात असते आणि दुकानासाठी त्याला हात लावायचा नाही असं आधीच ठरलं असतं, तर मी पहिले पाच महिने झोपले असते. आमचे ते पैसे दुकानाच्याच खात्यात पडून होते, आणि त्यातून शेंगदाणा येत होता. वही उघडली तेव्हा उरलेले वेगळे काढले आणि कमी पडले तितके दुसरी एफडी मोडून भरले.

इथेच एक गोष्ट, जी आमच्याकडून सुटली. नोकरी गेली की कंपनीचा आरोग्य विमाही जातो. सासूबाई त्यात होत्या. नवी पॉलिसी काढली तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते आणि त्यात आधीचा काळ धरला जातो, पण अर्ज वेळेत करावा लागतो. आम्हाला कळलं तेव्हा राजीनाम्याला दोन महिने होऊन गेले होते. तुमच्या मिस्टरांचा शेवटचा दिवस यायच्या आत एचआरकडून विमा कंपनीचा नंबर घ्या आणि स्वतः फोन करा.

दुसरा आकडा धंद्याचा, आणि माझ्यासाठी खरा फरक यानेच पडला. नणंदेकडच्या त्या प्रकारानंतर, हातउसन्याचं कळल्यावर, एका शनिवारी रात्री मी ह्यांना म्हटलं, "मला काही सुचवायचं नाहीये, फक्त समजून घ्यायचंय. वही आणा." हे घाण्याचं गणित सांगत गेले, मी लिहीत गेले. 100 किलो शेंगदाणे तेव्हाच्या भावाने 12 हजारांचे. त्यातून साधारण 40 किलो तेल, म्हणजे 44 लिटर. 320 नं विकलं तर 14 हजारांच्या वर, आणि पेंडीचे दोनेक हजार. कॅन आणि गाळणीचा खर्च काढून एका क्विंटलमागे 3,600 रुपये हातात. दुकानाचं भाडं, कर्जाचा हप्ता, वीज आणि किरकोळ मिळून महिन्याला 22 हजार. म्हणजे सहा क्विंटलपर्यंत दुकान फक्त स्वतःचं पोट भरतं, आणि बारा क्विंटलच्या जवळ गेलं की आमच्या घराचा खड्डा भरतो.

क्विंटल मला काही समजत नव्हतं. मग ह्यांनी विचारलं, "एका घराला महिन्याला किती तेल लागतं?" चार लिटर धरलं. भागाकार केला. 70 घरं नियमित तेल न्यायला लागली की दुकान तोट्यातून बाहेर, 130 घरं झाली की आपण सुटलो. त्या रात्री ह्यांच्याकडे नेमाने येणारी घरं होती 52. मी दोन-तीनदा मोजून पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी दिवाळीत दुकानापुढे रांग होती, हे दमून पण खुशीत घरी यायचे, आणि मी मात्र कसल्याशा काळजीत. दोघांचंही अर्धं अर्धं खरं होतं. दिवाळीला लोक एकदम दोन महिन्यांचं तेल नेतात आणि पुढच्या महिन्यात फिरकत नाहीत, त्यामुळे एका महिन्याच्या विक्रीवरून आनंदही करू नये आणि रडूही नये. नेमाने परत येणारी घरं किती, हे पाहावं.

तुमच्या मिस्टरांचा धंदा कोणता ते तुम्ही लिहिलं नाही. पण खाणावळ असो, शिकवणी असो की रिपेअरिंगचं दुकान, हा आकडा निघतोच : महिन्याला किती गिऱ्हाईकं परत परत आली तर घर चालेल. तो दोघांनी मिळून काढा. त्यांना तो सांगता आला नाही, तर तुमची भीती रास्त आहे आणि राजीनामा महिनाभर पुढे ढकला असं म्हणण्यात काही चूक नाही.

आमचं तेव्हापासून ठरलं. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर वही उघडायची, एरवी आठवडाभर मी "आज किती झाले?" विचारायचं नाही. हे मला फार जड गेलं. हे रोज दार उघडून आत यायचे आणि मी त्यांच्या चेहऱ्यावरून गल्ला वाचायचे. पण रोज विचारलं की माणूस रोज बचाव करायला लागतो. शनिवारी तीनच गोष्टी पाहायच्या : नेमाची घरं किती, गल्ल्यात प्रत्यक्ष किती आले, आणि उधारी किती अडकली. उधारीवर नजर ठेवाच. एका किराणा दुकानदाराने 60 कॅन उधारीवर नेले, ते वहीत विक्री म्हणून दिमाखात बसले होते, पैसे आले तीन महिन्यांनी. तोवर शेंगदाणा आणायला हातात रोकड नव्हती, आणि ते 40 हजार त्यातूनच घ्यावे लागले होते.

बोलायची पद्धतही तेव्हा बदलली. आधी मी म्हणायचे, "हे काही खरं नाही." आता म्हणायचे, "घराचे पैसे जूनपर्यंत पुरतील. तोवर शंभर घरं झाली नाहीत तर काय, याची मला भीती वाटते." पहिल्या वाक्यावर भांडण व्हायचं. दुसऱ्यावर हे थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मला पण तीच वाटते. पहाटे तीनला जाग येते, तू उठशील म्हणून हलत नाही." मीही जागीच असायचे हो तेव्हा.

त्याच शनिवारी एका कागदावर लिहिलं : बाराव्या महिन्याच्या शेवटी शंभरच्या खाली घरं असतील तर हे अर्धा दिवस मेंटेनन्सची कामं घेतील, दुकान संध्याकाळी उघडतील. घर गहाण टाकायचं नाही. दागिने मोडायचे नाहीत. पुढे दुसऱ्या घाण्यासाठी घरावर कर्ज काढायचा विषय निघाला आणि बँकेला माझी सही हवी होती. मी नाही म्हटलं. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली की सगळ्या कर्जाची जबाबदारी आपल्यावरही येते, निम्म्याची नाही. त्या दिवशी हे नाराज झाले, दोन दिवस बोलले नाहीत. मी रविवारी दुकानात जाऊन कॅनना लेबलं लावली, शाळेतल्या बायकांना तेल नेऊन दिलं, पण सही केली नाही. साथ देणं आणि सही देणं या मला वेगळ्या गोष्टी वाटतात, आजही.

बारावा महिना संपला तेव्हा घरं झाली होती 94. मला ते तोंडाने म्हणावं लागलं नाही. ह्यांनीच कपाटातून तो कागद काढला, टेबलावर ठेवला, आणि सोमवारपासून एका वर्कशॉपमध्ये सकाळी आठ ते एक जायला लागले. आठ महिने ते तसं चाललं. दुकान चारला उघडायचं, मुलगा दप्तर ठेवून गल्ल्यावर बसायचा. एकविसाव्या महिन्यात वहीत 130 चा आकडा आला, तेव्हा ह्यांनी सकाळचं काम सोडलं. पगाराएवढे पैसे अजूनही येत नाहीत, खड्डा मात्र भरतो.