बेचाळीस हजारांचं कॉलेज खरंच स्वस्त आहे का?

*प्रश्न: मुलीला संगणकशास्त्राच्या पदवीला घालायचं आहे. तीन कॉलेजांची प्रॉस्पेक्टस आणलीत, प्रत्येकाला साठ-सत्तर पानं. तिघांनी फी आणि तारखा आपापल्या तऱ्हेने लिहिल्यात. पहिल्याची फी 90 हजार, दुसऱ्याची 42 हजार. म्हणजे दुसरं निम्म्याहून स्वस्त, असं तिच्या बाबांचं म्हणणं. तिला बारावीला एकूण 68 टक्के आहेत, गणितात मात्र 47. हे सगळं एका कागदावर कसं उतरवू? कामाच्या पानांचे फोटो सोबत जोडलेत.*

नमस्कार ताई,

फोटो नीट पाहिले. एक आडवा कागद घ्या, तीन कॉलेजांचे तीन उभे रकाने आखा, पण पहिली ओळ फीची नको, पात्रतेची लिहा. तिथलं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं, आणि एखादं 'नाही' आलं तर त्या कॉलेजची पुढची सगळी आकडेमोड वाचते.

पहिल्या कॉलेजचं वाक्य सरळ आहे: 'एकूण किमान 55 टक्के, गणित विषय घेतलेला असावा.' यात लेक बसते. दुसऱ्याचं वाक्य पुन्हा वाचा: 'गणितासह किमान 50 टक्के गुण.' याचे दोन अर्थ निघतात. गणित विषय घेऊन एकूण 50 टक्के, असं असेल तर ती पात्र आहे. गणितातही स्वतंत्रपणे 50 टक्के, असं असेल तर 47 वर दार बंद, मग एकूण 68 असोत की 88. असं वाक्य भेटलं की आपल्या सोयीचा अर्थ धरून पुढे जाऊ नका. रकान्यात प्रश्नचिन्ह टाका. ते कसं सोडवायचं ते पुढे येईलच.

त्याच रकान्यात आणखी एक आकडा हवा, आणि तो प्रॉस्पेक्टसमध्ये बहुधा नसतो. किमान टक्के म्हणजे अर्ज करण्याची परवानगी. प्रवेश मिळतो तो यादी जिथे थांबते त्या टक्क्यांवर. किमान 55 लिहिलेल्या कॉलेजची यादी गेल्या वर्षी 66 ला थांबली की 81 ला, यावर तुमच्या 68 ची किंमत ठरते. मागच्या दोन वर्षांच्या शेवटच्या यादीतला शेवटचा आकडा प्रवेश कार्यालयाकडून किंवा त्यांच्या वेबसाइटवरच्या जुन्या याद्यांमधून काढा, आणि तो तिच्याच शाखेचा आणि तिच्याच प्रवर्गाचा आहे ना हे बघा. एकाच कॉलेजात दोन शाखांच्या याद्या फार वेगळ्या ठिकाणी थांबतात.

आता फी. 90 आणि 42 या आकड्यांची तुलनाच होत नाही, कारण पहिल्याने वर्षाची फी लिहिली आहे आणि दुसऱ्याने सत्राची. एवढं लक्षात आलं की 42 चे 84 होतात आणि तरी दुसरं स्वस्तच दिसतं. पण दुसऱ्याचं पुढचं पान बघा. 42 हजार ही नुसती शिकवणी फी आहे. प्रयोगशाळेचे दर सत्राला 4,000 आणि परीक्षेचे 2,500 वेगळे, शिवाय सुरुवातीला एकदाच नोंदणीचे 8,000. आणि तक्त्याखाली बारीक अक्षरात: 'शिकवणी शुल्कात दरवर्षी 5 टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकते.' पहिल्याच्या 90 हजारांत प्रयोगशाळा, ग्रंथालय, परीक्षा सगळं धरलेलं आहे, आणि प्रवेश घेतलेल्या तुकडीला तीन वर्षं तीच फी राहील असं त्यांनी छापलं आहे.

म्हणून कागदावर लिहायचा आकडा पूर्ण पदवीचा. पहिलं कॉलेज: 90 हजार गुणिले तीन, म्हणजे 2,70,000, अधिक प्रवेश फी 5,000, एकूण 2,75,000. अनामत 10,000 आहे, पण ती परत मिळणारी, म्हणून ती बेरजेत न धरता बाजूला लिहा. दुसरं कॉलेज: वाढ पूर्ण 5 टक्के धरली तर शिकवणी फी पहिल्या वर्षी 84,000, दुसऱ्या वर्षी 88,200, तिसऱ्या वर्षी 92,610. तिन्ही मिळून 2,64,810. सहा सत्रांचे प्रयोगशाळेचे 24,000 आणि परीक्षेचे 15,000, नोंदणीचे 8,000. एकूण 3,11,810. वाढ अजिबात झाली नाही तरी आकडा 2,99,000 होतो. म्हणजे निम्म्यात पडणारं कॉलेज 24 ते 37 हजारांनी महाग निघालं.

तरीही बाबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. प्रवेशाच्या दिवशी हातात किती लागतील, याची वेगळी ओळ करा. पहिल्याकडे वर्षाची फी एकदम भरायची आहे, तेव्हा फी, प्रवेश फी आणि अनामत मिळून 1,05,000. दुसऱ्याकडे एका सत्राचेच म्हणजे 56,500. घरात एकरकमी लाख उभे राहणार नसतील तर दुसरं कॉलेज खरोखर सोपं आहे, महाग असूनही. पण त्याआधी पहिल्या कॉलेजला हप्ते देता का, हे विचारून घ्या. प्रॉस्पेक्टसमध्ये हप्त्यांचा उल्लेख नसतो आणि विचारलं की होतं, असं पुष्कळदा असतं.

तिसऱ्याचा एकच मोठा आकडा आहे, कारण त्यात वसतिगृह आणि जेवण धरलं आहे. त्याची फोड लेखी मागा आणि शिकवणीचा भाग तेवढा वेगळा करून मगच इतर दोघांच्या शेजारी बसवा. घरून ये-जा करणाऱ्या मुलीला ते पॅकेज सक्तीचं आहे का, तेही विचारा. त्यांच्याकडे प्रवेश परीक्षा आहे आणि तिची नोंदणी कॉलेजच्या अर्जाच्या आधी संपते. ही तारीख त्यांनी वेळापत्रकात न टाकता पात्रतेच्या पानावर टाकली आहे, म्हणून सहज नजरेतून सुटते.

तारखांत लोक 'अर्जाची शेवटची तारीख' लिहितात आणि थांबतात. मला जास्त काळजी फी भरून प्रवेश पक्का करण्याच्या तारखेची वाटते. दुसऱ्या कॉलेजात ती 20 जून आहे आणि पहिल्याची यादी 27 जूनला लागते. म्हणजे पहिल्याचं काय झालं हे कळायच्या आधी आठवडाभर दुसऱ्याचे पैसे भरायचे, नाहीतर ती जागा सोडायची. अशा वेळी परताव्याचा नियम वाचायचा. तो बहुधा शेवटच्या पानांत, शिस्तीच्या नियमांच्या आसपास असतो. तुम्ही पाठवलेल्या पानावर म्हटलंय की नोंदणी शुल्क परत मिळणार नाही आणि वर्ग सुरू होण्याआधी प्रवेश रद्द केल्यास उरलेल्या रकमेतून 10 टक्के कापले जातील. भरलेले 56,500, त्यातले नोंदणीचे 8,000 गेले. उरले 48,500, त्यातले 4,850 गेले. म्हणजे पहिल्या कॉलेजची यादी बघेपर्यंत दुसऱ्याची जागा हातात ठेवायचा खर्च 12,850. तो परवडतो की नाही हे तुम्ही आजच घरात बसून ठरवू शकता. 19 जूनच्या रात्री घाईत ठरवण्यापेक्षा ते बरं.

याच्याशी जोडलेला एक मुद्दा पैशांहून मोठा आहे. दुसरं कॉलेज मूळ कागदपत्रं ठेवून घेतं की बघून परत देतं? शाळा सोडल्याचा दाखला आणि मूळ गुणपत्रिका एका ठिकाणी अडकली, तर दुसरीकडे नाव लागूनही पडताळणीच्या दिवशी हात रिकामे राहतात. तारखांच्या ओळीत 'मूळ कागद किती दिवसांत परत' हेही लिहा.

आणि मुखपृष्ठाच्या आत कुठलं शैक्षणिक वर्ष छापलंय ते बघा. तिसऱ्याचं प्रॉस्पेक्टस मला मागच्या वर्षीचं दिसतंय. तसं असेल तर त्याच्या तारखा आणि फी खोडून नव्याने मिळवा. चालू वर्षाचं असलं तरी प्रॉस्पेक्टस छापून झाल्यावर तारखा बदलतात. वेबसाइटवरची ताजी सूचना आणि छापील पान यांत फरक दिसला तर सूचना धरा, तिचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

शेवटची ओळ संपर्काची. तिथे नुसता फोन नंबर लिहून भागत नाही. मुखपृष्ठावर असतो तो नंबर बऱ्याचदा चौकशी खिडकीचा असतो. तिथे गोड बोलतात, पण गुणांच्या अटीवर त्यांचा शब्द चालत नाही. आतल्या पानावर प्रवेश कार्यालयाचा किंवा प्रवेश समितीचा ईमेल असतो, तो हवा. फोन जरूर करा, पण पैसे किंवा पात्रता ज्यावर अवलंबून आहे ते लेखी मागा. मेल लहान ठेवा, पान क्रमांक द्या आणि उत्तर हो किंवा नाही असंच येईल असा प्रश्न विचारा. दुसऱ्या कॉलेजला असं लिहा:

'माझ्या मुलीला बारावीला एकूण 68 टक्के आणि गणितात 47 टक्के गुण आहेत. आपल्या प्रॉस्पेक्टसच्या पात्रतेच्या पानावर "गणितासह किमान 50 टक्के" असं म्हटलं आहे. ही अट गणित विषयाला स्वतंत्रपणे लागू आहे का? या गुणांवर ती संगणकशास्त्राच्या पदवीसाठी अर्ज करू शकते का, हे कृपया कळवावे.'

पान क्रमांक फोटोत कापला गेलाय, तेवढा त्यात घाला. फी, हप्ते, परतावा हे याच मेलमध्ये कोंबू नका. पाच प्रश्न एकत्र गेले की सोप्या दोघांची उत्तरं येतात आणि अडचणीचे तीन तसेच राहतात. कार्यालयाच्या कामाच्या तीन-चार दिवसांत उत्तर आलं नाही तर त्या मेलची प्रत घेऊन स्वतः जा आणि तिच्यावरच शेरा आणि सही मागा. उत्तर कुणी दिलं आणि कधी, हे कागदावर प्रश्नचिन्हाच्या जागी लिहा.

अर्ज भरल्यावर 'जागा राखून ठेवतो, आजच थोडे पैसे पाठवा' असे फोन येतील. ते कॉलेजमधून येतात की कमिशनवर काम करणाऱ्या एजंटकडून, हे आवाजावरून कळत नाही. प्रॉस्पेक्टसमध्ये किंवा कॉलेजच्या अधिकृत पोर्टलवर दिलेल्या खात्याशिवाय कुठेही पैसे टाकू नका, आणि पावतीवर कॉलेजचं नाव आणि अर्ज क्रमांक दोन्ही आहेत ना हे तिथल्या तिथे तपासा.

आज संध्याकाळी दुसऱ्या कॉलेजचा मेल आणि तिसऱ्याच्या परीक्षा नोंदणीची चौकशी, एवढं करा. त्या मेलला 'गणिताची अट स्वतंत्र आहे' असं उत्तर आलं, तर 12,850 चा प्रश्नही उरत नाही. मग पहिल्याच्या शेवटच्या यादीचा आकडा मला कळवा. तो 68 च्या वर असेल तर चौथं कॉलेज शोधायला लागू.