जहाजाचा कॉल साइन आणि त्यातला देश

प्रश्न: सुएझमध्ये अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’चा कॉल साइन ट्रॅकिंग ॲपवर H3RC असा दिसतो. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची आणि २०२१ साली त्यावरचे सगळे २५ खलाशी भारतीय. मग हा H3 कुठला देश? असं बघून देश ओळखता येतो का?

उत्तर:

H3 म्हणजे पनामा. कॉल साइन म्हणजे रेडिओवरची जहाजाची ओळख. मालकाचा, कंपनीचा किंवा माणसांचा देश कॉल साइनमध्ये नसतोच. जहाजाची नोंदणी जिथे झाली, म्हणजे मागे ज्याचा झेंडा लावलाय, तो देश स्वतःला मिळालेल्या अक्षरांतून कॉल साइन देतो. ती अक्षरं वाटते आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, आम्ही जिला आयटीयू म्हणतो.

मी जहाजावर सेकंड मेट आहे. ब्रिजवरच्या वॉचमध्ये व्हीएचएफ रेडिओवर ‘होटेल थ्री रोमिओ चार्ली’ असं ऐकू आलं की डोक्यात आपोआप पनामा येतो, पण सुरुवातीला मी हमखास चुकायचो. कारण मी फक्त पहिलं अक्षर बघायचो. नुसत्या H वरून काहीच कळत नाही: H2 सायप्रस, H3 पनामा, H4 सॉलोमन बेटं, HA हंगेरी, HB स्वित्झर्लंड. वाटप तीन-तीन अक्षरांच्या पट्ट्यांत होतं, H3A ते H3Z अशा. त्यामुळे बहुतेक वेळा पहिली दोन अक्षरं वाचावी लागतात. एका अक्षरावर भागतं ते मोजक्याच देशांचं, जसं G आणि M ब्रिटनचे, K, N आणि W अमेरिकेचे, F फ्रान्सचं. उलट कधी कधी दोनही पुरत नाहीत. SSA ते SSM इजिप्तकडे, SSN पासून पुढे सुदानकडे. तिसरं अक्षर बघितल्याशिवाय तिथे बोलायचंच नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. A म्हटलं की लोकांना अमेरिका आठवते, पण अमेरिकेकडे AAA ते ALZ एवढंच. AM ते AO स्पेनचे, AP ते AS पाकिस्तानचे आणि AT ते AW भारताचे. भारताला याशिवाय VT ते VW आणि 8T ते 8Y हे पट्टेही आहेत. विमानांच्या शेपटीजवळ VT लिहिलेलं पाहिलं असेल, ते याच वाटपातलं.

आता आकड्यांचा घोळ. H3RC मधला 3 देशाच्या खुणेचाच भाग आहे. सिंगापूरची खूण 9V. २०२४ मध्ये बाल्टिमोरच्या पुलाला धडकलेल्या ‘दाली’चा कॉल साइन 9V5283 होता; त्यात 9V वाचायचं आणि पुढचे चार आकडे सोडून द्यायचे, ते सिंगापूरने आपल्या हिशेबाने दिलेले. तसंच समजा V7AB2 दिसलं, तर V7 म्हणजे मार्शल बेटं, शेवटच्या 2 ला देशाच्या दृष्टीने काही अर्थ नाही. सुरुवातीला Q मात्र कधीच दिसणार नाही, कारण ते अक्षर क्यू-कोडसाठी, म्हणजे रेडिओवरच्या Q ने सुरू होणाऱ्या ठरलेल्या संक्षिप्त संदेशांसाठी, राखून ठेवलंय.

एका देशाची एकच खूण असते असंही समजू नका. पनामाकडे जहाजं इतकी की H3 शिवाय 3E, 3F, HO, HP, H8, H9 सगळं त्यांचंच. लायबेरियाकडे EL, A8, D5 आणि आणखी काही.

ॲपवर जे दिसतं त्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका, हे मी अनुभवाने सांगतो. कॉल साइन, नाव, आयएमओ नंबर या गोष्टी एआयएसमध्ये, म्हणजे जहाजाची माहिती आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रणेत, कुणीतरी हाताने भरलेल्या असतात. मी जॉइन झालो त्या एका जहाजाचा झेंडा नुकताच पनामाहून लायबेरियाला बदलला होता. झेंडा बदलला की कॉल साइन बदलतो, एमएमएसआय हा जहाजाच्या रेडिओचा नऊ आकडी नंबर बदलतो, आयएमओ नंबर तेवढा जन्मभर तोच. तंत्रज्ञाने एमएमएसआय नवा टाकला आणि कॉल साइन जुनाच राहिला. बंदराच्या ट्रॅफिक कंट्रोलने विचारलं, तेव्हा मी जहाजाच्या रेडिओ लायसन्सवर बघून नवीन सांगितला. त्यांच्या स्क्रीनवर 3F ने सुरू होणारा, माझ्या तोंडी D5 ने. पुढची दहा मिनिटं स्पष्टीकरण देण्यात गेली.

म्हणून पडताळणी करायची तर एमएमएसआयचे पहिले तीन आकडे बघा. तेही देशालाच दिलेले असतात: भारत 419, लायबेरिया 636, मार्शल बेटं 538. ‘एव्हर गिव्हन’चा नंबर 353136000, आणि 353 पनामाचाच, म्हणजे H3 शी जुळतं. दोन्ही जुळले नाहीत तर आधी आमच्यासारखी विसरभोळी चूक धरा. कॉल साइनमध्ये O आणि 0 ची अदलाबदल झालीय का तेही बघा. टायपिंगची ही चूक सहज होते.