भांडण मिटलं म्हणजे केस मिटली असं समजू नकोस

तू लिहिलंयस की कॉलेजातल्या मारामारीनंतर पोलीस ठाण्यात तुम्ही दोघांनी स्टॅम्प पेपरवर समझोत्याच्या सह्या केल्या आणि विषय संपला. तो संपलेला नाही. आधी तुझ्यावर एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद आहे, की एफआयआर, ते बघ. एफआयआर असेल तर तिची प्रत आणि कलमं वकिलाला दाखव. साधी मारहाण असेल तर फिर्यादीच्या संमतीने दंडाधिकाऱ्यांपुढे तडजोड होते आणि ती निर्दोष सुटकाच धरली जाते. दंगल किंवा रॅगिंगचं कलम असेल तर उच्च न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली एफआयआर रद्द करून घ्यावी लागते. रॅगिंगमध्ये तेही सहज होत नाही. शिवाय महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्याने दोषी ठरलास तर कॉलेजातून काढतात आणि ५ वर्षं कुठेही प्रवेश मिळत नाही.

माझ्या वसतिगृहातला एक मुलगा असाच निर्धास्त राहिला. दोषारोपपत्र कोर्टात गेलं, समन्स गावच्या पत्त्यावर पडून राहिलं. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे स्वतःची माहिती लिहून द्यायच्या फॉर्ममध्ये, त्याने ‘गुन्हा नाही’ लिहिलं आणि पडताळणीत निवड गेली. मारामारीपेक्षा ते खोटं उत्तर त्याला जास्त भोवलं, याचं मला आजही वाईट वाटतं. नोकरीच्या वेळी गुन्ह्याची माहिती लपवण्याबद्दलच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की तरुणपणीच्या किरकोळ गुन्ह्याकडे नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो. पण खरं सांगूनही नोकरीची हमी नसते. म्हणून फॉर्ममधला प्रश्न नीट वाच: ‘शिक्षा झाली का’ आणि ‘गुन्हा दाखल झाला का’ हे वेगळे प्रश्न आहेत. आणि केसचा निकाल लागला की त्याची प्रमाणित प्रत लगेच मागून ठेव.