झेनझुख्ट: शब्दकोश ‘तीव्र इच्छा’ म्हणतो, तिथेच गडबड होते

प्रश्न: जर्मनमधल्या ‘झेनझुख्ट’ शब्दाचा नेमका अर्थ काय? शब्दकोशात ‘तीव्र इच्छा’ एवढंच दिलंय. मग साध्या इच्छेत आणि यात फरक फक्त तीव्रतेचा आहे का?

उत्तर:

नाही, फरक तीव्रतेचा नाही. एखाद्याला घर घ्यायची इच्छा इतकी तीव्र असू शकते की तो रात्र रात्र झोपत नाही, तरी ती झेनझुख्ट नव्हे. आणि झेनझुख्ट अगदी हलकी, संध्याकाळी पाच मिनिटं येऊन जाणारीही असते.

मी पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवते. या शब्दाची चुकीची फोड मीही सुरुवातीला खूप दिवस वर्गात सांगत होते. ‘झेनन’ म्हणजे झुरणं, आणि ‘झुखन’ म्हणजे शोधणं, म्हणून झेनझुख्ट म्हणजे ‘झुरत केलेला शोध’. ऐकायला छान वाटतं, मुलं वहीत लिहूनही घेतात. पण ते खरं नाही. यातला ‘झुख्ट’ शोधण्यावरून आलेला नाही, तो आजारपणावरून आला आहे. जुन्या जर्मनमध्ये ‘झुख्ट’ म्हणजे रोग. कावीळीला आजही ‘गेल्बझुख्ट’ म्हणतात, म्हणजे पिवळा रोग. क्षयाला पूर्वी ‘श्विंडझुख्ट’ म्हणत, म्हणजे माणूस झिजत जाण्याचा रोग. मत्सराला ‘आयफरझुख्ट’ म्हणतात. आजच्या भाषेत नुसतं ‘झुख्ट’ म्हटलं की व्यसन. तेव्हा झेनझुख्ट म्हणजे मुळात झुरणीचा आजार. इच्छा आपण करतो, आजार आपल्याला होतो. शब्दाच्या पोटातला हा फरक शोधाची गोष्ट सांगितली की हातातून निसटतो.

व्याकरणातही हाच फरक दिसतो, आणि मला तो सगळ्यात बोलका वाटतो. ‘मला सायकल हवी’ हे जर्मनमध्ये ‘इश व्युन्शं मिअर आइन फारराट’ असं होतं. यातली सायकल हे सरळ कर्म आहे आणि ‘मिअर’ म्हणजे ‘माझ्यासाठी’. वस्तू ठरलेली आहे, मी घेणारी आहे. मुलं नाताळच्या आधी हव्या असलेल्या वस्तूंची यादी लिहितात, तिला ‘वुन्शत्सेटल’ म्हणतात, म्हणजे इच्छांची चिठ्ठी. आता ‘झेनन’ घ्या. ‘इश झेनं मिश नाख…’ इथे ‘मिश’ म्हणजे ‘मला’, आणि कर्माच्या जागी बसलेली मी स्वतःच आहे. जिच्यासाठी झुरायचं ती गोष्ट ‘नाख’च्या पलीकडे ढकललेली. ‘नाख’ हे दिशा दाखवणारं अव्यय आहे. हाम्बुर्गला निघालो तर ‘नाख हाम्बुर्ग’. हे अव्यय तोंड तिकडे वळवतं, पोचल्याची खात्री देत नाही. झेनझुख्टची चिठ्ठी लिहून कुणाच्या हातात देता येत नाही, ते यामुळे.

आता जिचं नेमकं काय हवं ते सांगता येत नाही अशी ही ओढ म्हणजे काय, ते एका कवितेतून सांगते, कारण व्याख्येतून ते कळत नाही. योझेफ फॉन आयशनडॉर्फ या जर्मन कवीची ‘झेनझुख्ट’ नावाचीच कविता आहे, 1834 मधली. आठ आठ ओळींची तीन कडवी. पहिल्यात एक माणूस रात्री खिडकीशी एकटा उभा आहे. तारे सोनेरी चमकताहेत, मुलूख निवांत आहे, आणि लांबून टपालगाडीचं शिंग ऐकू येतं. काळीज पेटून उठतं आणि तो मनातल्या मनात, चोरून म्हणतो: या देखण्या उन्हाळी रात्री बरोबर जाता आलं असतं तर!

कुठे जायचंय, ते सांगितलेलं नाही. कुणाबरोबर, तेही नाही. गाडी कुठे चाललीय ते त्यालाही माहीत नसावं. साध्या इच्छेत पहिला प्रश्न ‘कुठे?’ हाच असतो.

दुसऱ्या कडव्यात डोंगराच्या कडेनं दोन तरुण गात जातात. त्यांच्या गाण्यात चक्कर येईल असे कडे आहेत, हलकेच सळसळणारी रानं आहेत, कपारींतून रानाच्या अंधारात उड्या घेणारे झरे आहेत. तिसऱ्या कडव्यात गाणं आणखी पुढे जातं: संगमरवरी पुतळे, रान माजलेल्या बागा, चांदण्यातले महाल. वाचणाऱ्या जर्मन माणसाला इटली दिसू लागते, पण देशाचं नाव कवितेत येत नाही. आयशनडॉर्फ स्वतः कधी इटलीला गेला नव्हता. प्रशियाच्या सरकारी नोकरीत त्याची वर्षं गेली, आणि सायलेशियातला ज्या वाड्यात तो जन्मला तो घराण्याच्या हातून कर्जापायी गेला होता. म्हणजे मागे वळून बघायलाही त्याच्याकडे काही होतंच. पण कवितेत ना तो वाडा येतो, ना इटली.

आणि शेवट बघा. त्या महालांच्या खिडक्यांशी मुली उभ्या आहेत, कान देऊन ऐकताहेत, वीणेसारखं एक वाद्य जागं होतंय, कारंजी पेंगुळल्यासारखी वाजताहेत, ‘देखण्या उन्हाळी रात्री’. पहिल्या कडव्याची शेवटची ओळ परत आली आणि कविता संपली. खिडकीशी उभा असलेला ‘मी’ काही परत येत नाही. ज्या ठिकाणी जायची ओढ लागली, त्या ठिकाणीही कुणीतरी खिडकीशी उभं राहून लांबचं काहीतरी ऐकतंय! समजा त्या टपालगाडीत तो चढला आणि तिथे पोचला, तरी तिथेही त्याला खिडकीच मिळणार. सायकल मिळाली की सायकलची इच्छा संपते. इथे वस्तू मिळण्यावर काही अवलंबूनच नाही, कारण कडे, बागा, महाल ही सगळी त्या ओढीनं घेतलेली रूपं आहेत. ती ओढ त्यांच्यासाठी नव्हे. मी वर्गात ही कविता घेते तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, ‘मग त्याला नक्की काय हवं होतं?’ हा प्रश्न पडला की कविता कळली असं मी समजते.

हे सगळं कवींचे चोचले वाटत असतील तर मानसशास्त्रज्ञांचंही ऐका. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत पाउल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेनझुख्ट हा रीतसर अभ्यासाचा विषय केला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात तिची सहा लक्षणं दिली आहेत. सगळी इथे देत नाही. मला महत्त्वाची वाटतात ती दोन: एक म्हणजे ती गोड आणि कडू एकाच वेळी असते, आणि दुसरं म्हणजे तिच्यात भूत, वर्तमान, भविष्य तिन्ही एकदम असतात. गेलेलं काहीतरी आठवतं, आत्ता काहीतरी उणं वाटतं, आणि पुढे ते भरून निघेल असं चित्र दिसतं. इच्छेला भूतकाळाची गरज नसते.

त्याच गटातून 2009 मध्ये आलेला एक अभ्यास तुमच्या प्रश्नाला अगदी थेट भिडतो. मूल नसलेल्या 168 मध्यमवयीन स्त्रियांना मुलाच्या ओढीबद्दल विचारलं होतं. काहींसाठी मूल हे उद्दिष्ट होतं, म्हणजे ज्यासाठी काही करता येईल अशी गोष्ट. काहींसाठी तेच झेनझुख्ट झालेलं होतं. ओढ फार जुनी, फार खोल आणि पुरी होण्याची आशा मावळलेली असली की इच्छेची झेनझुख्ट होते, असं त्यात दिसलं. मूल तेच, बाई तीच, पण मधल्या काळात मनातली त्याची जागा बदललेली. आता ते डॉक्टरकडे जाण्याचं कारण राहिलेलं नसतं, तर न जगलेल्या सगळ्या आयुष्याची खूण होऊन बसतं. अशा झुरण्यानं माणसाला बरं वाटतं की वाईट, याचं उत्तरही सरसकट नव्हतं. बाकीचे मार्ग खुंटलेले असतील आणि ती भावना केव्हा जवळ करायची, केव्हा बाजूला ठेवायची हे आपल्या हातात आहे असं वाटत असेल, तरच तिचा समाधानाशी मेळ बसत होता. हातात नसेल तर ती पुन्हा मूळ अर्थाला जाते, आजारच.

मराठीत काय म्हणावं? ‘हुरहूर’ सगळ्यात जवळची, कारण तिलाही कारण सांगता येत नाही. शिवाय ती ‘लागते’, खोकला लागतो किंवा वेड लागतं तशी, आपण ती करत नाही. पण हुरहुरीत दिशा नाही, आणि निकालाच्या आदल्या रात्रीची धाकधूकही तिच्यात मोडते. ‘ओढ’ला दिशा आहे, पण तिच्या टोकाला बहुधा ओळखीचं कुणीतरी असतं: माहेर, विठ्ठल, लेकरू. झेनझुख्टमध्ये ओढीची दिशा आणि हुरहुरीचं निनावीपण दोन्ही लागतं.

संस्कृतात मात्र ही गोष्ट नेमकी पकडलेली आहे. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत हंसपदिकेचं गाणं ऐकतो आणि अस्वस्थ होतो. प्रिय माणसाचा विरह नसताना हे का व्हावं, हे त्याला कळत नाही. ‘रम्याणि वीक्ष्य मधुरांश्च निशम्य शब्दान्’, सुखात असलेला जीवही सुंदर काही बघून, मधुर काही ऐकून व्याकूळ होतो, कारण मागच्या जन्मांतली प्रेमं नकळत आठवत असतात, असं तो स्वतःला समजावतो. (प्रेक्षकांना ठाऊक असतं की तो याच जन्मातल्या शकुंतलेला विसरलाय.) गेओर्ग फोर्स्टरनं 1791 मध्ये हे नाटक जर्मनमध्ये आणलं आणि महाकवी ग्योटं त्याच्यावर इतका खूश झाला की त्यानं लगेच त्यावर चार ओळी लिहिल्या. पुढे चार-पाच वर्षांनी त्याच ग्योटंच्या कादंबरीत मिन्योन नावाची, लहानपणी इटलीतून पळवून आणलेली मुलगी गाते: ज्याला झेनझुख्ट ठाऊक आहे त्यालाच कळेल मी काय सोसते. एकातून दुसरं आलं असं मी म्हणत नाही.

एक खबरदारी. जर्मन माणूस हा शब्द दर वेळी एवढ्या गंभीरपणे वापरत नाही. फेब्रुवारीत ऑफिसातला कुणीही ‘झेनझुख्ट नाख झोनं’ म्हणतो, म्हणजे उन्हासाठी जीव आसुसलाय. पर्यटनाच्या जाहिरातींत कुठलंही बेट ‘झेनझुख्ट्सऑर्ट’ असतं, म्हणजे झेनझुख्टचं ठिकाण. ‘झेनझुख्ट नाख डिअर’ असा निरोप आला तर तत्त्वज्ञान शोधू नका, ‘तुझी फार आठवण येतेय’ एवढंच ते. पण माझ्या एका विद्यार्थ्यानं निबंधात ‘मला नव्या मोबाइलची झेनझुख्ट आहे’ असं लिहिलं होतं, तिथे मात्र मी लाल रेघ मारली. व्याकरण बरोबर होतं. वाचणारा जर्मन माणूस हसला असता.