रातांबे कवडीमोलाने विकण्याआधी

भाऊ, रातांबे म्हणजे कोकमाची फळं हाताशी असली, तरी पहिल्या वर्षी कोकम सरबताच्या मागे लागू नका. साखर, बाटल्या, लेबल यांतच भांडवल अडकतं. आगळ आणि आमसुलं करा, दोन्ही एकाच फळातून निघतात.

पूर्ण लाल झालेले रातांबेच घ्या. हिरवट फळ मिसळलं की रंग फिका येतो. धुऊन, कोरडे करून फोडा. गर-बियांना किलोमागे साधारण दीडशे ग्रॅम मीठ लावून ठेवा. रस सुटला की गाळा. या रसात सालं बुडवून उन्हात घाला. वाळली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, असं चार-पाच वेळा. उरलेला खारट रस म्हणजे आगळ. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नका, आंबट रस त्याला खातो. बरणी किंवा खाद्यदर्जाचं प्लॅस्टिक चालेल.

आमसूल मुठीत दाबल्यावर गोळा झालं किंवा हात ओला झाला, तर अजून ऊन हवं. घाईत भरलेल्या माझ्या दोन पिशव्या पावसाळ्यात बुरशीने गेल्या. वळवाची सर कधीही येते, त्यामुळे रोज झेपेल तेवढंच फोडा. बिया टाकू नका, वाळवून ठेवा, त्यांचं मुठेल, म्हणजे घट्ट कोकम तेल, निघतं. विकण्याआधी अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र करून घ्या.